पगाराची बँक बदलतेय? नोटिशीत आधी तारीख लिहा

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात नोटीस लागली होती: ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार वेतन नवीन बँकेमार्फत अदा करण्याचे योजिले आहे. तरी सर्वांनी आवश्यक ती पूर्तता करावी.’ पूर्तता कसली आणि कधीपर्यंत? लोकांनी वाचली आणि चहाला गेले.

मी ती अशी लिहून दिली:

‘३१ तारखेचा पगार नवीन बँकेत जमा होईल. २० तारखेपर्यंत तिथे खातं उघडा आणि रद्द केलेला चेक अकाउंट्समध्ये द्या. उशीर झाला तर या महिन्याचा पगार जुन्याच खात्यात येईल. जुनं खातं इतक्यात बंद करू नका.’

रद्द केलेला चेक अशासाठी, की आयएफएससी कोडमध्ये पाचव्या जागी शून्य असतो आणि हाताने लिहिताना लोक हमखास ‘ओ’ काढतात.

शेवटच्या वाक्याखाली मात्र कारणही लिहा. समजा, घराचा हप्ता ५ तारखेला जुन्या खात्यातून कापला जातो. पगार आला नवीन खात्यात, जुन्यात उरले आठशे रुपये. हप्ता परत जाणार आणि दंड लागणार. म्हणून पगार झाला की हप्त्याइतके पैसे जुन्या खात्यात वळवायचे आणि कर्ज देणाऱ्याकडे नवीन खात्यातून हप्ता कापण्याचं मॅन्डेट द्यायचं. ते मंजूर होऊन एक हप्ता नव्या खात्यातून कापला गेला, की मगच जुनं बंद करायचं. फार रेंगाळूही नका. पगार येणं थांबलं की ते खातं बहुधा साध्या बचत खात्यात बदलतं आणि काही बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते.