दिवसाआड पाणी, फायरची टाकी आणि तो एक बॉल कॉक: पीएचईत नव्याने आलेल्यांसाठी

सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून प्लंबिंग कन्सल्टंटकडे लागलेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच टाकीचं एक्सेल शीट हातात मिळतं. फ्लॅट, माणसं, माणशी 135 लिटर, दीड दिवसाचा साठा, खाली दोन तृतीयांश, वर एक तृतीयांश. शीट चालतं, साहेब सही करतात, आर्किटेक्टला आकडा जातो. मीही तिथूनच सुरुवात केली आणि बराच काळ मला वाटायचं की टाकीचा आकार काढणं हे सगळ्यात सोपं काम आहे. रोज थोडं थोडं पाणी येणाऱ्या भागात ते शीट बऱ्यापैकी निभावून नेतं. दिवसाआड पाणी असलं की ते शीट तुम्हाला तोंडावर पाडतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. अशाच एका भागातली 80 फ्लॅटची इमारत समजा. फ्लॅटमागे 5 माणसं धरली तर 400 माणसं. माणशी 135 लिटरपैकी 45 फ्लशिंगचे आणि 90 बाकी वापराचे. म्हणजे दिवसाला 54,000 लिटर, त्यातले 18,000 फ्लशिंगचे. फ्लशिंगला एसटीपीत शुद्ध केलेलं सांडपाणी आणि त्याच्या वेगळ्या टाक्या आहेत, म्हणून पालिकेच्या पाण्यावर दिवसाला 36,000 लिटरचा भार राहतो. एका पाळीत मात्र दोन दिवसांचं, म्हणजे 72,000 लिटर आत यायला हवं.

इथे थांबा आणि नळाकडे बघा. पाणी सकाळी 3 तास येतं. कनेक्शन 50 मिमीचं असेल आणि लाइनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर 3 तासांत साधारण 32,000 लिटर येतं. गरज 72,000 ची. तुम्ही लाख लिटरची टाकी बांधा किंवा दोन लाखांची, ती कधी भरणारच नाही. टाकी पाणी साठवते, आणत नाही. तेच कनेक्शन 80 मिमीचं असलं तर त्याच वेगाने पाळीला साधारण 81,000 लिटर येतं. गरजेपेक्षा हे 9,000 लिटर जास्त आहे आणि हे जास्तीचं पाणीच महत्त्वाचं आहे. पंपिंगची दुरुस्ती निघाली आणि एखादी पाळी एक दिवस उशिरा आली, तर राखीव साठा खर्च होतो. तो परत भरायचा तर येणारं पाणी रोजच्या गरजेहून थोडं तरी जास्त हवं, नाहीतर राखीव एकदा संपला की कायमचा संपला. या इमारतीत एका दिवसाचा, म्हणजे 36,000 लिटरचा राखीव भरून यायला चार पाळ्या लागतात. त्या आठ दिवसांत दुसरी पाळी चुकली तर टँकर बोलवावाच लागेल.

वेग दीड मीटर हा आकडा मात्र डोळे झाकून घेऊ नका. शेजारच्या सोसायटीत जा, पाणी यायच्या आधी आणि गेल्यानंतर मीटरचं रीडिंग घ्या. चार-पाच पाळ्यांची रीडिंगं मिळाली की त्या गल्लीत खरोखर किती पाणी पोचतं ते कळतं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी बोला. माझं ठाम मत आहे की त्याच्याकडून अर्ध्या तासात जे कळतं ते ऑफिसातल्या कुठल्याही शीटमध्ये नसतं: तुमची गल्ली लाइनच्या शेवटाला आहे का, उन्हाळ्यात वेळ कितीने कमी होते, वरच्या भागाला आधी सोडतात की खालच्या.

मग घरगुती साठा किती? दोन दिवसांचे 72,000 आणि राखीव 36,000, एकूण 1,08,000 लिटर. त्यातले 18,000 गच्चीवर, म्हणजे अर्ध्या दिवसाचं पाणी. गच्चीवर यापेक्षा जास्त ठेवायचा मोह टाळा, स्लॅबवरचा प्रत्येक हजार लिटर म्हणजे एक टन आहे. उरलेले 90,000 खाली. पाणी यायच्या वेळी राखीवातलं 18,000 खाली शिल्लक असलं, तरी 72,000 घ्यायला जागा मोकळी असते. हा हिशेब जमला की घरगुती टाकीचं काम बरंचसं झालं. इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही, कॅल्क्युलेटर आणि मीटरचं रीडिंग पुरे.

आता फायर. याचा माणसांच्या संख्येशी काही संबंध नाही. इमारतीची उंची आणि वापर पाहून अग्निशमन विभाग प्रोव्हिजनल एनओसीत आकडा देतो. आपल्या इमारतीला खाली 75,000 आणि गच्चीवर 10,000 लिटर लिहून आलेत असं धरा. हे पाणी घरगुती साठ्यात मोजायचं नाही. "एकूण साठा 1,93,000 लिटर" असं ब्रोशरमध्ये छापलं जातं तेव्हा लोकांना वाटतं पाच दिवसांचं पाणी आहे. आहे तीनच दिवसांचं.

आकारमानातही एक फसगत आहे. ड्रॉइंगवर 6 × 5 × 2.5 मीटर, बरोबर 75,000 लिटर, असं लिहिलेलं असतं. पण फायर पंपाचं सक्शन तळाला टेकलेलं नसतं. समजा तळचे 30 सेंटिमीटर पाणी पंपाला उचलता येत नाही. मग हाताशी येतं ते 2.2 मीटर, म्हणजे 66,000 लिटर. 9,000 कमी. मोजमाप सक्शनच्या उपयोगी पातळीपासून ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत घ्यायचं. म्हणजे ओव्हरफ्लोचा काठ तळापासून 2.8 मीटरवर हवा आणि त्याच्या वर स्लॅबपर्यंत मोकळी जागा वेगळी. पंपरूम टाकीला लागून, टाकीच्या तळाच्या पातळीला ठेवा, म्हणजे सक्शनमध्ये पाणी आपोआप भरलेलं राहतं.

आणि आता ती गोष्ट, जिने मला सगळ्यात जास्त छळलं. ही नीट वाचा.

नियम असा की पालिकेचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडतं, ती भरली की मधल्या भिंतीवरून ओसंडून घरगुती टाकीत जातं. कारण दुहेरी आहे. फायरची टाकी सतत भरलेली राहते, आणि तिच्यातलं पाणी महिनोन्‌महिने साचून कुजत नाही, दर पाळीला बदलत राहतं. ड्रॉइंगवर हे सुंदर दिसतं. मग कोणीतरी इनलेटला बॉल कॉक दाखवतं, नेहमीसारखा, टाकीच्या भरलेल्या पातळीला. फायरच्या टाकीची भरलेली पातळी म्हणजे ओव्हरफ्लोचा काठ. पण फायरची टाकी तर कायमच भरलेली असते! म्हणजे बॉल कायम वर, कॉक कायम बंद. पाणी भिंतीवरून पलीकडे जाणार कधी?

साइटवर हे असं दिसतं. पाळीच्या दिवशी पाणी सुटतं, मीटर जरा फिरतो आणि थांबतो. घरगुती टाकी कोरडी, सोसायटीचे लोक म्हणतात पालिकेने पाणी सोडलंच नाही. मग प्लंबर येतो आणि मीटरपासून सरळ घरगुती टाकीत एक बायपास लाइन टाकून देतो. सगळे खूश होतात. त्या दिवसापासून फायरच्या टाकीत नवं पाणी जाणं बंद. पाणी हिरवट होतं, थोडं थोडं झिरपून किंवा उडून पातळी उतरते, आणि कोणाच्याच लक्षात येत नाही. झाकण उघडून बॅटरी मारली की भिंतीवर ओव्हरफ्लोच्या काठाखाली जुनी ओली रेघ दिसते. ती रेघ दिसली की समजायचं, इथे बायपास आहे.

उपाय सोपा आहे, फक्त आधी सुचायला हवा. बंद करण्याचा हुकूम घरगुती टाकीच्या पातळीवरून आला पाहिजे. एक तर घरगुती टाकीत सेन्सर ठेवून इनलेटला मोटराइज्ड व्हॉल्व्ह द्या. पण वीज गेली तर तो कुठल्या स्थितीत थांबतो ते विचारून घ्या. दुसरा, मला जास्त आवडणारा मार्ग: बॉल कॉक फायरच्या टाकीतच, पण ओव्हरफ्लोच्या काठाहून स्पष्ट वर लावा. काठ 2.8 मीटरवर असेल तर कॉक 2.95 ला पूर्ण बंद व्हावा. घरगुती टाकी काठापर्यंत भरली की दोन्ही टाक्यांचं पाणी एकत्र वर चढतं आणि मगच कॉक बंद होतो. बाहेरचा ओव्हरफ्लो अर्थातच त्याहून वर.

यातही एक बारकावा आहे. मधल्या भिंतीत 100 मिमीचा एक पाइप ठेवून भागवलं, तर पाणी जाण्यासाठी त्याच्या मागे बऱ्यापैकी उंची चढतं, बॉल लवकर उचलला जातो आणि आधीच तुटपुंज्या पाळीत इनलेट निम्मं आवळलं जातं. त्याऐवजी भिंतीत मीटरभर रुंद खाच ठेवा. सेकंदाला साडेसात लिटर पाणी त्यावरून जाताना फक्त अडीच सेंटिमीटर चढतं. इनलेट आणि खाच टाकीच्या समोरासमोरच्या टोकांना ठेवा, नाहीतर नवं पाणी वरच्यावर निघून जाईल आणि कोपऱ्यातलं तिथेच राहील. हेच पाणी पुढे स्वयंपाकघरात जाणार आहे, त्यामुळे फायरच्या टाकीला आतून घरगुती टाकीइतकंच स्वच्छ फिनिशिंग हवं.

घरगुती पंपाचं सक्शन फायरच्या भागात कुठल्याही कारणाने नेऊ नका, तळाला दोन्ही टाक्या जोडणारा व्हॉल्व्हही देऊ नका. "अडीअडचणीला असू द्या" असं सीनियर म्हणतील. मे महिन्यात ती अडीअडचण येते, व्हॉल्व्ह उघडला जातो आणि आग लागेपर्यंत बंद करायचं कोणाला आठवत नाही. या बाबतीत सीनियरचं ऐकू नका, लेखी नोंद करून नकार द्या. त्याऐवजी फायरच्या टाकीला पातळी उतरली की वाजणारा अलार्म द्या, आणि तो वॉचमनच्या केबिनमध्ये वाजू द्या, पंपरूममध्ये नव्हे.

शेवटी ताबा देण्याच्या आधीचा हिशेब. 80 मिमीच्या लाइनने तासाला साधारण 27,000 लिटर येतं. फायरची रिकामी टाकी 2.8 मीटरच्या काठापर्यंत भरायला 84,000 लिटर, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्तच लागतं. पहिली अख्खी पाळी तिथे जाते आणि घरगुती टाकीत काहीच पडत नाही. लोक राहायला येण्याआधी फायरची टाकी टँकरने भरून घ्या. टाकी धुण्याच्या वेळीही हाच प्रश्न येतो. म्हणून फायरची टाकी 3 × 5 मीटरच्या दोन कप्प्यांत बांधा आणि एका वेळी एकच कप्पा रिकामा करा. म्हणजे पाळीला 42,000 लिटर आत जातात, उरलेलं साधारण 39,000 घरगुती टाकीत येतं, राखीवातून 33,000 वापरले की दोन दिवस निघतात. आधीच्या पाळ्या नीट आल्या आहेत आणि राखीव पूर्ण भरलेला आहे हे बघूनच धुण्याची तारीख ठरवा, आणि दुसरा कप्पा राखीव परत भरल्याशिवाय हातात घेऊ नका.