लर्निंगच्या परीक्षेत हेल्मेट आणि सीट बेल्ट इतके का विचारतात?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेला पहिल्यांदा बसले तेव्हा मला १५ पैकी ८ मिळाले. पास व्हायला ९ लागतात. रस्त्यावरच्या चिन्हांची मी भरपूर उजळणी केली होती आणि ती सगळी बरोबर आली. चुकले ते हेल्मेट, सीट बेल्ट आणि लहान मुलांचे प्रश्न. त्यांचा अभ्यास करावा असं वाटलंच नव्हतं.

घरी येऊन आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवले, तेव्हा चूक कळली. मी प्रत्येक उत्तर आमच्या घरी जसं चालतं तसं दिलं होतं. मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावायचा का? आमच्याकडे कधी कुणी लावला नव्हता, म्हणून मी 'फक्त पुढच्यांनी' निवडलं. परीक्षेत हे प्रश्न पुन्हा पुन्हा येण्याचं कारण मला यातच दिसतं. चिन्ह माहीत नसेल तर माणूस पाठ करतो. इथे मात्र सवयच चुकीचं उत्तर देते, आणि ते चुकीचं आहे अशी शंकासुद्धा येत नाही.

दुसरं कारण कायदा वाचल्यावर समजलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. बेल्ट न लावता गाडी चालवणं आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेणं, दोन्हीला १,००० रुपये दंड आहे, आणि दोन्हीकडे तो चालवणाऱ्याला आहे. मागे बसलेल्या मामांनी ऐकलं नाही तरी जबाबदार तुम्हीच. त्यामुळे प्रश्न वाचताना आधी स्वतःला विचारा, 'जबाबदारी कुणाची?' 'जवळच जायचं असेल तर', 'फक्त हायवेवर' असे पर्याय तिथेच गळून पडतात. मागच्या बेल्टबद्दल अजून शंका असेल तर सप्टेंबर २०२२ चा पालघरजवळचा अपघात आठवा. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल मागच्या सीटवर होते, दोघांनी बेल्ट लावले नव्हते, आणि दोघेही गेले.

मुलांच्या प्रश्नांत वयाचे आकडे नीट लक्षात ठेवा. कारमध्ये १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं असायला हवं, नाहीतर १,००० रुपये दंड. बाळ आईच्या मांडीवर सुरक्षित असतं असं आमच्या घरी सगळे मानायचे, मीसुद्धा. मग हिशेब करून पाहिला. गाडी ताशी ५० किमीने जाते आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. ती आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण १४० किलो वजन पेलण्याएवढा जोर लागेल. कोणत्याही आईचे हात तेवढं धरू शकत नाहीत.

मोठ्यांचा बेल्टही लहान मुलाला तसाच लावून भागत नाही. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला मागे बसवून बेल्ट लावला तर वरचा पट्टा थेट गळ्यावर आला आणि खालचा पोटावर. पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि खालचा कमरेच्या हाडांवरून जायला हवा, नाहीतर धक्का बसला की तोच पट्टा पोटात रुततो. बूस्टरवर, म्हणजे मूल उंच बसावं म्हणून सीटवर ठेवायच्या बैठकीवर, बसवल्यावर दोन्ही पट्टे जागेवर आले. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट, समोरची एअरबॅग चालू असताना, पुढे कधीच लावू नका. एअरबॅग उघडली की ती सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

दुचाकीवर सीमा ४ वर्षांची आहे. त्यापुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. कायद्यात दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला: मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडलेला हार्नेस, म्हणजे मुलाला बांधून ठेवणारं पट्ट्यांचं जाकीट, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत. आमच्याच घरचं उदाहरण घ्या. साडेतीन वर्षांच्या लेकीला स्कूटरवर नेताना या तिन्ही गोष्टी लागतात. भाच्याला मोठ्यांसारखंच हेल्मेट पुरतं, हार्नेसची सक्ती नाही.

दुसऱ्या वेळी मला १३ मिळाले. तेव्हा हेल्मेटच्या पट्ट्याचाही प्रश्न आला होता. कलम १२९ मध्ये हेल्मेट म्हणजे पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं, असंच लिहिलं आहे. नुसतं डोक्यावर ठेवलेलं त्यात धरलेलं नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. पट्टा लावून हेल्मेटची मागची कड धरा आणि वर, पुढच्या बाजूला ओढा. निघून आलं तर पट्टा सैल आहे किंवा माप मोठं आहे. लेकीचं पहिलं हेल्मेट असंच निघालं, आणि आम्ही ते दुकानात परत नेऊन लहान मापाचं आणलं.