‘आमच्याविषयी’ पान लिहिताना या चुका टाळा

लहान फर्मच्या वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान बहुतेकदा तोच उघडतो, ज्याला काम द्यायचं जवळजवळ ठरलंय, पण पैसे देण्याआधी समोरची माणसं कोण आहेत हे बघायचंय. त्याला तिथे वाचायला मिळतं : “गुणवत्ता हेच आमचं ध्येय. अनुभवी आणि तज्ज्ञ टीमच्या साहाय्याने आम्ही सर्वोत्तम सेवा देतो.”

सगळ्यात मोठी चूक हीच. ती पकडायची असेल तर आपलं नाव झाकून तिथे प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून बघा. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. काढून टाका.

समजा, गळती दुरुस्त करणारी दोघांची फर्म आहे. वरच्या मजकुराऐवजी त्यांनी असं लिहावं :

“आम्ही दोघं २०१४पासून गच्ची आणि बाथरूमची गळती दुरुस्त करतो. आधी आमच्यापैकी एक जण येऊन जागा पाहतो. पाणी कुठून शिरतंय हे कळल्यावरच लेखी अंदाज देतो. काम झालं की गच्चीवर ४८ तास पाणी साठवून ठेवतो आणि खालचं छत तुमच्यासमोर तपासतो. तळघराची कामं आम्ही घेत नाही.”

यात स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही, आणि प्रत्येक गोष्ट ग्राहकाला पडताळून पाहता येते. शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल, कारण त्याने काम हातचं जाईल असं वाटतं. पण माझ्या मते तेच ठेवायला हवं. जो ‘हे आम्ही करत नाही’ असं सांगतो, त्याच्या ‘हे करतो’वर विश्वास बसतो.

वर्षाचंही तसंच. ‘१० वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं की पुढच्या वर्षी ते चुकीचं होतं; ‘२०१४पासून’ कायम खरं राहतं. दोघांची वर्षं जोडून ‘एकत्रित २५ वर्षांचा अनुभव’ तर लिहूच नका, वाचणारा लगेच भागाकार करतो.

विकतचे हसरे फोटोही नकोत. तोच चेहरा दुसऱ्या दहा साइटवर असतो आणि इमेज सर्चमध्ये चटकन सापडतो. मोबाइलवर काढलेला, कामाच्या जागेचा साधा फोटो बरा. मोठ्या ग्राहकाचा लोगो लावायचा असेल, तर आधी त्याची लेखी परवानगी घ्या. पानावरचं फर्मचं नाव आणि पत्ता बिलावरच्या नाव-पत्त्याशी जुळतो का, तेही बघा. इथला फरक पैसे भरताना नेमका खटकतो.

आता उलटी चूक. बढाई नको म्हणून काही जण लहानपणापासूनची सगळी कहाणी लिहितात आणि काम काय करतात हे चौथ्या परिच्छेदात येतं. कामाचं स्वरूप पहिल्या दोन ओळींत हवं, कहाणी त्याखाली.

पान लिहून झाल्यावरही फोनवर लोक “तुम्ही स्वतः येता की माणूस पाठवता?” असं विचारत असतील, तर ते उत्तर पानावर नाही किंवा फार खाली आहे. महिनाभर असे प्रश्न वहीत टिपा आणि जो पुन्हा पुन्हा येईल, त्याचं उत्तर वर आणा.