स्पेनमधील विमा कंपनीला किरकोळ अपघात फोनवरून स्पॅनिशमध्ये कसा सांगावा

स्पेनमध्ये गाडी चालवणाऱ्या माणसाला कधी ना कधी जो अपघात हमखास अनुभवावा लागतो, तो बहुधा वाहतूक वर्तुळाच्या तोंडाशीच होतो. पुढची गाडी वर्तुळात शिरण्यासाठी थांबलेली असते. मागच्या चालकाचे लक्ष डावीकडून येणाऱ्या वाहनांकडे असते. पुढची गाडी आता निघाली असेल असे गृहीत धरून तो आपली गाडी सोडतो आणि धडक बसते. कोणाला इजा होत नाही, केवळ पत्र्याचे आणि प्लास्टिकचे नुकसान होते. हाच प्रसंग उदाहरणादाखल घेऊन तो विमा कंपनीला कसा सांगावा, ते येथे पाहू. समजा, नोकरीनिमित्त सारागोसा शहरात राहणाऱ्या एका मराठी बाईंच्या गाडीला काल सकाळी पावणेनऊला अशी धडक बसली आहे आणि आज त्या कंपनीला फोन करणार आहेत.

स्पॅनिश वाक्ये येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. काही ठिकाणचा ‘स’ स्पेनच्या बहुतेक भागात ‘थ’च्या जवळ जातो, पण ‘स’ म्हटला तरी कोणाचा गैरसमज होत नाही. ‘ख’ मात्र घशातून, घासून काढावा.

फोन करण्यापूर्वी

स्पेनच्या 1980 सालच्या विमा करार कायद्यानुसार घटना समजल्यापासून सात दिवसांच्या आत ती कंपनीला कळवायची असते. पॉलिसीत याहून मोठी मुदत दिली असेल तर ती चालते. घटना कळवणे याला तिथे ‘दार उन पार्ते’ म्हणतात आणि नोंद झालेल्या प्रकरणाला ‘सिनिएस्त्रो’ म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला भीषण वाटला तरी बंपरवरच्या ओरखड्यालाही तोच वापरतात.

दोन्ही चालकांनी जागेवरच भरून सही केलेला निळ्या-पिवळ्या रंगाचा फॉर्म, म्हणजे ‘पार्ते आमिस्तोसो’, हाताशी असेल तर काम अर्धे झालेले असते. त्यात मधोमध सतरा चौकटी असतात आणि प्रत्येक चालकाने आपल्याला लागू पडणाऱ्या चौकटीवर खूण करायची असते. आपल्या उदाहरणात मागच्या चालकाने आठव्या चौकटीवर खूण करायला हवी, कारण एकाच दिशेने, एकाच मार्गिकेत जाताना समोरच्या वाहनाला मागून धडक दिल्याचे ती चौकट सांगते. बाईंनी पहिली चौकट निवडली तर ती ‘उभी केलेली किंवा थांबलेली’ गाडी दाखवते. गाडी रस्त्याकडेला लावून ठेवलेली नव्हती हे शेरा लिहिण्याच्या जागेत वेगळे नोंदवणे म्हणून बरे. फोनवरचे आपले कथन या फॉर्मशी जुळले पाहिजे. फक्त दोन वाहनांची थेट टक्कर असेल आणि दोघांच्या सह्या असतील, तर स्पेनमधील विमा कंपन्यांमध्ये ‘सीदे’ नावाचा आपसातील करार लागू होतो. त्यानुसार ज्याची चूक नाही त्याची दुरुस्ती त्याचीच कंपनी करून देते आणि नंतर दुसऱ्या कंपनीशी हिशेब करते. फॉर्म एक सांगतो आणि फोन दुसरे, असे झाले की हे सरळ काम अडते.

घटनाक्रम सांगताना

फोन लागल्यावर ‘क्येरो दार उन पार्ते’ (मला अपघाताची नोंद करायची आहे) एवढेच म्हणावे. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ठिकाण विचारून झाल्यावर पलीकडून प्रश्न येतो, ‘कोमो ओकुर्रियो?’, म्हणजे ते कसे घडले? खरी कसोटी येथून सुरू होते.

स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन रूपे आहेत. त्यांतील एक चालू असलेली परिस्थिती दाखवते आणि दुसरे त्या परिस्थितीत येऊन आदळलेली घटना दाखवते. मराठी माणसाला हा भेद नवा नाही, कारण ‘मी जात होतो’ आणि ‘मी गेलो’ यांत आपण तोच करतो. म्हणून आधी मराठीत वाक्य जुळवावे. ‘मी थांबले आणि त्याने धडक दिली’ असे म्हटले तर थांबणे आणि धडक लागोपाठ घडले असा अर्थ निघतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उठतो की या बाईंनी अचानक ब्रेक तर दाबला नाही ना. ‘मी थांबलेली होते, तेवढ्यात धडक बसली’ या वाक्यात तो प्रश्न उरत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘मे पारे’ आणि दुसऱ्याला ‘एस्ताबा देतेनीदा’ म्हणतात. पुरुष बोलत असेल तर ‘देतेनीदो’. येथे ‘पारादा’ शब्दही चालतो, पण तिथल्या वाहतूक नियमांत आपण होऊन थोडा वेळ थांबण्याला ‘पारादा’ आणि रहदारीमुळे किंवा नियमामुळे थांबावे लागण्याला ‘देतेन्स्योन’ म्हणतात. त्यामुळे आपल्या प्रसंगाला ‘देतेनीदा’ नेमका बसतो.

दुसरा सापळा क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात आहे. ‘गोल्पेए’ म्हणजे मी धडक दिली आणि ‘गोल्पेओ’ म्हणजे त्याने धडक दिली; दोन्हींत जोर शेवटच्या स्वरावर पडतो. मराठी पुरुषाच्या जिभेला ‘मी धडकलो’ या रूपामुळे ओकार स्वतःचा वाटतो, आणि स्पॅनिशमध्ये तोच ओकार समोरच्याचा असतो. (‘मी धडकले’ म्हणणाऱ्या स्त्रियांना या बाबतीत निसर्गतःच सोपे जाते.) घाईत ‘गोल्पेए’ निघून गेले की दोषी बदलतो. याला साधा उपाय असा की क्रियापदापूर्वी ‘मे’ लावावे. ‘मे गोल्पेओ पोर देत्रास’ म्हणजे ‘त्याने मला मागून धडक दिली’, आणि त्यात कर्ता कोण हे स्वरावरच अवलंबून राहत नाही. ‘चोकामोस’, म्हणजे ‘आमची टक्कर झाली’, हे रूप सोपे म्हणून लवकर तोंडात बसते; ते टाळावे, कारण त्यात कोणी कोणाला धडक दिली ते कळतच नाही. मराठीतले ‘गाडी ठोकली’ जसे दोन्हीकडे फिरते, तसेच ते आहे. घटनेच्याच दिवशी फोन केला तर स्पेनमधले लोक ‘मे आ गोल्पेआदो’ असे रूप वापरतात. तेही चालते, फक्त त्यातला ‘आ’ (त्याने) बदलून ‘ए’ (मी) होऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट सचोटीची आहे आणि व्यवहाराचीही. बाई डावीकडे पाहत होत्या, मागे नव्हे. मागच्याने ब्रेक लावला की नाही, तो फोनवर होता का, किती वेगात होता, हे त्यांनी पाहिलेले नाही. म्हणून त्यांचे क्रियापद ‘नोते’ (मला जाणवले) हे असायला हवे. सगळे जोडून त्यांचे कथन असे होते:

‘आयेर, आ लास नुएबे मेनोस क्वार्तो दे ला मान्याना, एस्ताबा देतेनीदा एन एल सेदा एल पासो, आ ला एन्त्रादा दे ला रोतोंदा. सेदीआ एल पासो आ उन कोचे के बेनीआ पोर ला इस्क्येर्दा. एन्तोन्सेस नोते उन गोल्पे पोर देत्रास. मे बाखे इ बी के एल कोचे दे आत्रास मे आबीआ गोल्पेआदो.’

म्हणजे, काल सकाळी पावणेनऊला वर्तुळाच्या प्रवेशावर, वाट देण्याच्या चिन्हापाशी मी थांबलेली होते. डावीकडून येणाऱ्या गाडीला वाट देत होते. तेवढ्यात मागून धक्का जाणवला. उतरून पाहिले तर मागच्या गाडीने मला धडक दिली होती. धक्क्याच्या आधीची तीन क्रियापदे परिस्थितीची आहेत, नंतरची घटनेची, आणि अखेरचे तर थेट आपल्या ‘दिली होती’सारखेच आहे. यापुढे काही जोडू नये. ‘तो फार वेगात होता’ असे म्हटले की पलीकडून ‘तुम्ही पाहिलेत का?’ असा प्रश्न येतो आणि ‘नाही’ म्हणावे लागते.

नुकसानीचे वर्णन

यासाठी तीन शब्दांचा साचा पुरतो: भाग, बाजू आणि काय झाले. बाजू सांगताना आपल्याकडचे चालक ‘ड्रायव्हर साइड’ म्हणताना मनात उजवी बाजू धरतात; स्पेनमध्ये चालक डावीकडे बसतो. म्हणून गाडीत समोर तोंड करून बसल्यावर डावी ती ‘इस्क्येर्दा’ आणि उजवी ती ‘देरेचा’, एवढेच धरून चालावे. गाडीच्या मागे उभे राहूनही हाच हिशेब बरोबर येतो, समोर उभे राहून मात्र उलटतो, आणि पुढच्या दिव्याबद्दल बोलताना नेमकी तिथे चूक होते. पुढचा म्हणजे ‘देलान्तेरो’, मागचा म्हणजे ‘त्रासेरो’.

बंपरला ‘पाराचोकेस’ म्हणतात. पुढच्या दिव्याला ‘फारो’ आणि मागच्या लाल दिव्याला ‘पिलोतो’ म्हणतात, आणि हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की गॅरेजमध्ये चुकीचा भाग मागवला जाण्याची सोय होते. पाच दारांच्या गाडीचे मागचे, वर उघडणारे दार म्हणजे ‘पोर्तोन’, आणि चाकावरचा पत्रा म्हणजे ‘आलेता’.

काय झाले हे सांगताना पत्रा आणि प्लास्टिक यांत फरक करावा. पत्र्याला पोचा पडतो, त्याला ‘आबोयादुरा’ म्हणतात; प्लास्टिकचा बंपर बहुधा चिरतो, तेव्हा तो ‘राखादो’ असतो, आणि खाचेतून निसटला असेल तर ‘देसेंकाखादो’. रंगावरचा ओरखडा ‘आरान्यासो’, आणि नुसते घासले गेले असेल तर ‘रोसे’. बाईंच्या गाडीचे वर्णन असे होईल: ‘एल पाराचोकेस त्रासेरो एस्ता राखादो इ देसेंकाखादो पोर एल लादो इस्क्येर्दो. एल पिलोतो त्रासेरो इस्क्येर्दो एस्ता रोतो. एल पोर्तोन त्येने उना आबोयादुरा इ नो स्येर्रा ब्येन.’ शेवटचे तीन शब्द, ‘नीट बंद होत नाही’, मोलाचे आहेत, कारण पोच्यापेक्षा दाराची चौकट सरकली असण्याची शक्यता ते सुचवतात आणि नुकसान तपासायला येणारा ‘पेरीतो’ ती जागा मुद्दाम पाहतो.

बंपरच्या आत काय वाकले आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून यादी संपवताना ‘पेंद्येन्ते दे रेबिस्योन एन एल तायेर’ (गॅरेजमधील तपासणी बाकी) असे म्हणावे, म्हणजे नंतर पार्किंगचा सेन्सर बंद निघाला तर तो आधी का सांगितला नाही असा वाद उरत नाही. बंपरवर जुना ओरखडा असेल तर तोही आपण होऊन सांगावा: ‘एस्ते आरान्यासो या एस्ताबा’, म्हणजे हा आधीपासून होता. पेरीतोला मळ पाहून ते कळतेच.

इजेबद्दलचा प्रश्न

‘आई एरीदोस?’ म्हणजे कोणी जखमी आहे का, हा प्रश्न विचारला जातोच. ‘नो’ एवढेच म्हणून मोकळे होऊ नये, कारण मागून बसलेल्या धक्क्याने मान दुखू लागते ती अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ‘दे मोमेंतो नो तेंगो दोलोर’ (सध्या तरी दुखत नाही) हे खरे उत्तर आहे. दुखू लागलेच तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. अपघात आणि मानेचे दुखणे यांचा संबंध ठरवताना स्पेनचा भरपाईचा कायदा या मुदतीला विशेष वजन देतो.

फोन ठेवण्यापूर्वी पलीकडच्या कर्मचाऱ्याने टिपलेले कथन वाचून दाखवायला सांगावे: ‘मे लो पुएदे लेएर, पोर फाबोर?’ ऐकताना दोनच जागी कान द्यावा. ‘देतेनीदा’ शब्द आला का, आणि धडक देणारी गाडी ‘एल कोंत्रार्यो’ची, म्हणजे समोरच्या पक्षाची, लिहिली गेली का. दोन्ही बरोबर असतील तर प्रकरणाचा क्रमांक, ‘नुमेरो दे सिनिएस्त्रो’, लिहून घ्यावा, कारण गॅरेजवाला सर्वांत आधी तोच मागतो.