डिपॉझिटसाठीचं शेवटचं पत्र: या चुका टाळा

घर सोडून पाच आठवडे झाले होते. माझ्या मावसबहिणीच्या फोनमध्ये घरमालकांना पाठवलेले सहा मेसेज होते, सगळे 'काका' म्हणून सुरू होणारे. "काका, डिपॉझिटचं जरा बघाल का?" "काका, नवीन घराचं डिपॉझिट भरायचंय, थोडं लवकर झालं तर बरं." तिकडून आधी "या आठवड्यात बघतो", मग "नवीन भाडेकरू आला की देतो", आणि शेवटी "रंगाचे २२,००० जातील, मग हिशेब करू." कोथरूडमधला वन बीएचके, ७५,००० रुपये डिपॉझिट, अकरा-अकरा महिन्यांचे दोन लिव्ह अँड लायसन्स करार, दोन्ही नोंदणी केलेले.

सातव्या वेळी तिनं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. मी बरीच वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात काम केलं आहे, त्यामुळे असे कागद हाताखालून गेले आहेत. पत्रातलं महत्त्वाचं वाक्य असं होतं: "माझे संपूर्ण डिपॉझिट लवकरात लवकर परत करावे, अन्यथा योग्य ती कायदेशीर कारवाई करून फसवणुकीचा गुन्हा दाखल केला जाईल." जवळजवळ प्रत्येक भाडेकरू हेच वाक्य लिहितो, आणि त्या एका वाक्यात चार चुका आहेत.

'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे

सहा मेसेजमध्येही तिनं लवकरच म्हटलं होतं. मग सातवं पत्र वेगळं कशानं? शेवटच्या पत्रात कॅलेंडरवरची तारीख हवी, वारासकट. "पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत" असंही लिहू नका. घरमालकांनी पाकीट घ्यायला आठवडा लावला किंवा घेतलंच नाही, तर १५ दिवस कधी सुरू झाले यावरच वाद होतो. आम्ही सोमवारी, ७ जुलै २०२५ ला पत्र टाकलं आणि मुदत दिली गुरुवार, २४ जुलैची. पोस्टाचे चार-पाच दिवस सोडले तरी त्यांच्या हातात दहा-बारा दिवस राहत होते. तीन दिवसांची मुदत दिली, तर पुढे कुणीही विचारतं की एवढी घाई कशाला होती.

'संपूर्ण डिपॉझिट' मागण्याआधी स्वतःचा हिशेब करा

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, कारण ती आपल्या खऱ्या बाजूलाही खोटं पाडते. मे महिन्याचं १,३४० रुपयांचं वीजबिल तिच्याकडून यायचं होतं. बेसिनला तडा तिच्याच हातून गेला होता. त्याच्या बदलीचं २,२०० रुपयांचं कोटेशन तिनं स्वतः काकांना पाठवलं होतं. तरी पत्रात मागणी ७५,००० चीच. असं पत्र वाचल्यावर घरमालक वीजबिलाबद्दल बोलतात आणि रंगाच्या २२,००० चा मुद्दा बाजूला पडतो.

म्हणून आधी आपल्याकडचं देणं कबूल करून वजा करायचं: ७५,००० वजा १,३४० वजा २,२००, म्हणजे ७१,४६०. आता मागणीतला एकही रुपया असा नाही की ज्याचं उत्तर तिच्याकडे नाही. राहिला रंग. करारात "नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता" असं कलम होतं, ते बहुतेक करारांत असतं. बावीस महिने राहिल्यावर भिंत मळते, ती झीज. भिंतीला भोकं पाडली असतील किंवा मुलांनी खडूनं रंगवली असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे घर सोडतानाचे फोटो होते. पत्रात आम्ही रंगावर वाद घातला नाही, एवढंच लिहिलं की हे कलम अमुक, फोटो सोबत आहेत, आणि नुकसान असल्याचं आपलं म्हणणं असेल तर बिल आणि फोटो २४ जुलैपर्यंत द्यावेत.

ताबा कधी दिला, हे लिहायला विसरू नका

डिपॉझिट परत करायची वेळ येते ती रिकामा ताबा दिल्यावर. तिच्या पहिल्या मसुद्यात "मी मे महिन्यात घर सोडले" एवढंच होतं. किल्ली कुणाला, किती वाजता, साक्षीला कोण, काहीच नाही. यात धोका डिपॉझिटपेक्षा मोठा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, लायसन्सची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. किल्ली मिळालीच नव्हती असं उद्या कुणी म्हटलं, तर आपण पैसे मागायला जाऊन देणं अंगावर घेऊ.

सुदैवानं ३१ मेच्या रात्री काकांनीच तिला मेसेज केला होता: "किल्ल्या मिळाल्या, तिन्ही." तो मेसेज आम्ही तारखेसह पत्रात लिहिला. तुमच्याकडे असं काही नसेल, तर शेवटच्या पत्राआधी एक साधा मेसेज पाठवा: "३१ तारखेला संध्याकाळी आपल्याला किल्ल्या दिल्या होत्या, त्याला आता महिना झाला." बहुतेक माणसं डिपॉझिटबद्दल सबब सांगतात, पण किल्ली नाकारत नाहीत. ते उत्तर जपून ठेवा. चॅट पुसू नका आणि फोन बदलायच्या आधी ते सगळं बाहेर काढून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनला वजन असतं.

गुन्ह्याची धमकी नको, खरं पुढचं पाऊल लिहा

डिपॉझिट न देणं हा बहुतेक वेळा पैशांचा, म्हणजे दिवाणी वाद असतो. चौकीवर गेलात तर हेच ऐकायला मिळतं, आणि घरमालकांनाही ते माहीत असतं. न होणारी गोष्ट लिहिली की पत्रातल्या होणाऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. 'ग्राहक मंचात खेचीन' हेही तसंच. नुसतं घर भाड्यानं देण्याचा व्यवहार तिथं सहसा बसत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नाव टाकायची भाषा तर अजिबात नको, त्यातून आपल्याविरुद्धच बदनामीचा वाद उभा राहतो.

मग काय लिहायचं? जे आपण २५ तारखेला खरोखर करणार आहोत, ते. तिच्यासाठी ते होतं शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा-पूर्व अर्ज. फार थोड्या भाडेकरूंना हा रस्ता माहीत असतो, याचं मला वाईट वाटतं. अर्जाला कोर्ट फी लागत नाही. प्राधिकरण समोरच्याला नोटीस पाठवून बोलावतं. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मर्यादाही सांगायला हवी: समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही, तर तिथं कुणी सक्तीनं निकाल देत नाही. मग दावा लावावा लागतो, आणि त्यासाठी पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत धरून चालायचं. महिलांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. हे बहिणीला सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा उतरला.

व्याजाचं वाक्य मात्र आवर्जून घाला. व्याज कायदा, १९७८ प्रमाणे, देण्याची तारीख करारात ठरलेली नसेल तर व्याज मागणार असल्याची लेखी सूचना आणि तिच्यातली तारीख महत्त्वाची ठरते. करारात 'बिनव्याजी अनामत' असतं, त्यामुळे लोक हे वाक्य गाळतात. पण तो शब्द आपण घरात राहत होतो त्या काळापुरता आहे, रक्कम अडवून ठेवण्याच्या काळासाठी नाही, असं आपलं म्हणणं असायला हवं. २४ टक्के वगैरे लिहू नका. बँकेच्या मुदत ठेवीच्या आसपासचा दर पुरे.

शेवटी गेलेलं पत्र

'काका' काढून टाकताना ती अडखळली, "त्यांना वाईट वाटेल" म्हणाली. मी सांगितलं, फोनवर काकाच म्हण, कागदावर पूर्ण नाव आणि 'आपण' लिही. करारावर दोन मालक होते, काका-काकू. पत्र दोघांच्या नावे हवं. ते एजंटला देऊन भागत नाही.

> विषय: अनामत रक्कम रु. ७१,४६० परत मिळण्याबाबत अंतिम मागणी
>
> आपल्या सदनिकेचा रिकामा ताबा व तिन्ही किल्ल्या मी ३१ मे २०२५ रोजी आपल्याला दिल्या. त्या मिळाल्याचा आपला मेसेज त्याच दिवसाचा आहे. करारानुसार ताबा दिल्यावर रु. ७५,००० परत देय होते. त्यातून वीजबिल रु. १,३४० व बेसिन रु. २,२०० वजा जाता रु. ७१,४६० येणे आहे. ४ जून ते ३ जुलै या काळात मी सहा वेळा आठवण केली.
>
> रंगासाठीची रु. २२,००० ची कपात करारातील झिजेच्या कलमामुळे मला मान्य नाही. नुकसान झाल्याचे आपले म्हणणे असल्यास बिल व फोटो खालील तारखेपर्यंत द्यावेत.
>
> ही रक्कम गुरुवार, २४ जुलै २०२५ सायंकाळी ६ पर्यंत सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी. न झाल्यास २५ जुलै रोजी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे यांच्याकडे अर्ज करीन, आणि तिथे न मिटल्यास वसुलीचा दावा दाखल करीन. २५ जुलैपासून द.सा.द.शे. ७ दराने व्याजही मागीन.

सात टक्क्यांनी दिवसाला १४ रुपयेही होत नाहीत. पण आकडा लिहिला की उशिराला किंमत येते. करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पत्र गेलं आणि त्याचीच प्रत व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत आलं, तर फोडू नका. बंद पाकीट तसंच ठेवायचं; योग्य पत्त्यावर पाठवलेलं पत्र नाकारणाऱ्याला ते मिळालं असंच सहसा धरलं जातं.

अर्धे पैसे आले की गप्प बसू नका

२२ जुलैला तिच्या खात्यात ५०,००० आले, सोबत मेसेज: "हिशेब पूर्ण मिटला." ती आनंदात उत्तर न देताच राहिली असती. पण असा मेसेज तसाच सोडला, तर पुढे तुम्ही तो मान्य केला असं म्हणता येतं. तिनं तासाभरात लिहिलं: "काका, रु. ५०,००० मिळाले, आभार. ही रक्कम एकूण येण्यापैकी भाग म्हणून, माझा उरलेला हक्क कायम ठेवून घेत आहे. रु. २१,४६० बाकी आहेत, त्यासाठी २४ जुलै ही तारीख तशीच राहील."

२४ तारीख गेली. २५ ला सकाळी तिनं सुट्टी काढली आणि करार, पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि चॅटचे कागद घेऊन शिवाजीनगरला अर्ज दिला. प्राधिकरणाची नोटीस पोहोचल्यावर काकांचा फोन आला. रंगाचं बिल त्यांच्याकडे नव्हतं. ठरल्या दिवशी दोघंही तिथं समोरासमोर बसले, तिनं थोडंसं झालेलं व्याज सोडलं, त्यांनी २१,४६० तिथंच यूपीआयनं पाठवले, आणि तिनं पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती लिहून दिली.