चष्म्याच्या काचेत उमटलेली खिडकी फोटोतून कशी काढावी

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ बसवून काढलेल्या फोटोंत एक खोड हमखास दिसते. चष्म्याच्या काचेत आख्खी खिडकी उमटते, ग्रीलच्या गजांसकट. उदाहरणाला असाच एक फोटो घेऊ. दादरच्या घरातले साठीचे गृहस्थ, चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस चार, चेहरा जवळजवळ समोर. फोटोत डावीकडे दिसणाऱ्या काचेवर खिडकीचा पांढराफटक तुकडा आहे आणि त्याने अर्धं बुबुळ झाकलंय. उजवीकडच्या काचेच्या आतल्या अर्ध्या भागावर फक्त हिरवट झाक आहे, डोळा तिच्यातून दिसतो.

हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांना एकच औषध लागू पडत नाही. हिरवी झाक म्हणजे डोळ्याच्या चित्रावर वरून पडलेला जादा प्रकाश. खालचं चित्र शाबूत असतं, त्यामुळे जादाचं तेवढं वजा करता येतं. पांढऱ्या तुकड्याखाली मात्र कॅमेऱ्याने काही नोंदवलेलंच नाही, तिथे डोळा दुसरीकडून आणावा लागतो. कुठला भाग कशात मोडतो ते नजरेने ठरवू नका. फोटोशॉपमध्ये `Info` पॅनल उघडा, `Eyedropper` चं `Sample Size` `5 by 5 Average` ठेवा आणि डागावर कर्सर फिरवा. तिन्ही रंगांचे आकडे २५० च्या वर असतील, तर तिथून काही परत मिळणार नाही. कितीही गडद केलं तरी हाती सपाट राखाडी ठिगळच लागतं.

आणि हो, फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला असेल तर आधी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. झाक काढताना कॉन्ट्रास्ट ताणला जातो. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये मग डोळ्याभोवती चौकोनी ठिपके वर येतात.

आधी सोपी बाजू, म्हणजे हिरवी झाक. बरेच जण इथे थेट हिरवा रंग कमी करतात. मग डोळा धुरकट तर राहतोच, वर कातडी जांभळी दिसू लागते. त्यापेक्षा त्याच काचेचा स्वच्छ भाग आणि दुसरा डोळा मोजमापाला वापरा. बाहुलीचा काळा भाग आणि डोळ्याचा पांढरा भाग, अशा दोन जागांचे आकडे झाकेखाली आणि स्वच्छ जागी टिपून ठेवा. आपल्या फोटोत झाकेखालची बाहुली लाल ६२, हिरवा ८८, निळा ७० अशी आहे. स्वच्छ बाहुली १८, १६, १५ आहे. झाकेखालचा पांढरा भाग १९०, २०५, १९६ आणि स्वच्छ पांढरा १७६, १६८, १६२.

आता `Curves` चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि `RGB` लिहिलेल्या यादीतून `Red` निवडा. रेषेवर एक बिंदू ठेवून `Input` मध्ये 62 आणि `Output` मध्ये 18 टाइप करा. दुसरा बिंदू 190 वरून 176 वर न्या. `Green` मध्ये 88 चे 16 आणि 205 चे 168 करा, `Blue` मध्ये 70 चे 15 आणि 196 चे 162. सगळा फोटो विचित्र किरमिजी दिसेल, घाबरू नका. लेयरच्या मास्कवर क्लिक करून `Ctrl+I` दाबा, परिणाम नाहीसा होईल. मग पांढऱ्या ब्रशने, `Hardness` 0 आणि `Flow` 20% ठेवून, फक्त झाकेवर हळूहळू रंगवा. झाक मध्ये दाट आणि कडेला विरळ असते, म्हणून मधे हात जास्त वेळा फिरवायचा. पापणीची आणि कातडीची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही. दोन टोकं जुळली की मधले रंग बहुतेक आपोआप जुळतात. झाकेच्या कडेला लालसर किनार उमटली, तर ब्रश बाहेर गेलाय. तेवढं काळ्या ब्रशने पुसा.

पांढऱ्या तुकड्यासाठी सर्वांत चांगला स्रोत म्हणजे त्याच बैठकीतला, त्याच उजेडातला, चष्मा काढून घेतलेला फोटो. त्यातला तो डोळा `Lasso` ने पापण्यांसकट निवडा, कॉपी करून मूळ फोटोत पेस्ट करा आणि लेयरची `Opacity` 50% करा. `Ctrl+T` दाबून नाकाकडचा डोळ्याचा कोपरा आणि बुबुळाचा उघडा राहिलेला अर्धा भाग जुळवायचा प्रयत्न केलात, तर एक गोष्ट लक्षात येईल. पेस्ट केलेला डोळा मोठा आहे. मायनसच्या काचेतून डोळा लहान दिसतो. मायनस चारला हा फरक साधारण पाच-सहा टक्के असतो, म्हणून `W` आणि `H` दोन्ही 94% करा. प्लसच्या नंबरला उलट, थोडं मोठं करावं लागतं. हे राहिलं तर माणसाचा एक डोळा वटारलेला दिसतो आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगताही येत नाही.

नंतर `Opacity` परत 100% करा, काळा मास्क लावा आणि फक्त पांढरा तुकडा झाकला जाईल एवढंच उघडा. आख्खी काच बदलण्याचा मोह टाळा. फ्रेमची सावली आणि काचेच्या बाहेरच्या कडेला आत सरकलेली गालाची रेघ नव्या फोटोत नाही, ती मूळचीच राहू द्या.

चष्म्याविना फोटो नसेल, तर नुकताच साफ केलेला दुसरा डोळा कॉपी करून `Flip Horizontal` करता येतो. इथे नंबर सारखा असल्याने आकार बदलावा लागत नाही. पण उलटवल्यावर बुबुळातला उजेडाचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो. तो `Clone Stamp` ने पुसून मूळ डोळ्यातला ठिपका न उलटवता, त्याच बाजूला ठेवावा लागतो. नजर समोर नसून बाजूला असेल, तर हा उपाय करूच नका, माणूस तिरळा दिसेल. मान बरीच वळलेली असेल तरीही नको.

शेवटी बुबुळापासून दूर, काचेच्या वरच्या कोपऱ्यात थोडी चमक राहू द्या. पूर्ण साफ केलेली काच पाहिली की रिकामी फ्रेम घातल्यासारखं वाटतं. सरकारी कामाच्या फोटोवर मात्र यातलं काहीच करू नका, तिथे फोटो नव्याने काढायचा. अमेरिकेच्या व्हिसासाठी तर १ नोव्हेंबर २०१६ पासून, वैद्यकीय कारणाचा अपवाद सोडता, चष्मा घातलेला फोटो चालतच नाही.

फोटो अजून काढायचा असेल, तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला. काच खाली झुकते आणि खिडकीऐवजी जमीन परावर्तित करते. पोलरायझर फिल्टरवर पैसे घालू नका. काच कॅमेऱ्याच्या जवळजवळ समोर असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण सरळ परतणारा प्रकाश ध्रुवित होत नाही. एवढं करूनही ग्रील दिसतच असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून एक फोटो तसाच घ्या आणि माणसाला हलू न देता दुसरा घ्या, पण या वेळी कुणालातरी खिडकीचा तेवढा भाग काळ्या छत्रीने झाकायला सांगा. दुसऱ्या फोटोतला डोळा थोडा काळपट येईल, तो `Curves` ने उजळता येतो. तो त्याच काचेतून दिसलेला असल्याने ९४ टक्क्यांचा हिशोब करावाच लागत नाही.