‘नांदते’ या एका शब्दाचे तीन अर्थ: कवितेचा वाचक-प्रतिसाद नोंदवताना या चुका टाळा

बहिणाबाई चौधरींची ‘योगी आणि सासुरवाशीण’ ही कविता मी तीन वयांत वाचली. योगी विचारतो, तुझ्या ओठी सदा माहेराचं गाणं, मग तू सासरी आलीस कशाला? ती सांगते, शेतातल्या मातीला डोहाळे लागलेत, पोटी लेक येईल. आणि शेवटी म्हणते:

“लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.”

सोळाव्या वर्षी मला ‘नांदते’मध्ये सक्ती ऐकू आली. बाईला परत जाता येत नाही, म्हणून तिने शोधलेली समजूत. तिशीत, कडेवर मुलगी असताना, जोर ‘लेकीच्या’ या शब्दावर गेला आणि ओळ एखाद्या निश्चयासारखी वाटली. मुलगी लग्न करून गेली आणि दिवाळीला पहिल्यांदा घरी आली, त्यानंतर वाचताना लक्षात आलं की कवितेतलं ‘माहेर’ म्हणजे आता मीच आहे. शब्द तेच होते, मी बदलले होते.

वाचनगटात हेच करून पाहायचं असेल तर काही ठिकाणी हमखास घसरण होते.

चरित्र आधी सांगू नका

13व्या वर्षी लग्न, 30व्या वर्षी वैधव्य, ही माहिती बहिणाबाईंबद्दल आधी सांगितली की सगळ्यांना कवितेत रडणंच ऐकू येतं. मग वयाचा फरक पुसला जातो. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवीचं नाव न देता कविता वाचायला देत आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेत. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1929 साली आलं. तीच रीत वापरा. कविता दोनदा वाचायला द्या, प्रत्येकाने न बोलता चार ओळी लिहायच्या आणि मगच चर्चा. आधी बोलणं सुरू केलंत तर पहिल्या बोलणाऱ्याचा अर्थ सगळ्यांचा होतो. कागदांवर पाच जणांचं एकच वाक्य दिसलं, तर घोळ इथेच झालाय असं समजा. चरित्र शेवटी सांगा आणि कुणाचं वाचन त्याने बदललं ते विचारा.

‘ज्याचा त्याचा अर्थ’ म्हणून सोडून देऊ नका

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. अमेरिकेतल्या लुईझ रोझेनब्लॅट यांनी 1938 सालीच मांडलं होतं की कविता वाचक आणि शब्द यांच्या भेटीत घडते. पण भेट म्हटली की दोन बाजू आल्या. आमच्या गटात एकीने लिहिलं, “सासूच्या छळाला कंटाळलेली बाई.” मी विचारलं, कोणत्या शब्दावरून? तिने योग्याचा प्रश्न आणि सासुरवाशिणीचं उत्तर पुन्हा वाचलं. तिथे छळाचा शब्दच नाही. तो जात्यावरच्या ओव्यांमधून आणि स्वतःच्या घरातून तिच्याबरोबर आला होता. तिचं दुःख खरं होतं, पण ते कवितेच्या शेजारचं होतं. मी तिला ते खोडायला लावलं नाही, वेगळ्या रकान्यात लिहायला सांगितलं. मग ती ‘नांदते’वर परत आली आणि म्हणाली, “ही ‘राहते’ म्हणत नाही, ‘नांदते’ म्हणते. मला हे म्हणता आलं नसतं.” हा तिचा खरा प्रतिसाद, आणि तो एका शब्दाला धरून होता.

काही वाचनं मात्र सरळ चुकीची असतात. एका मुलाला वाटलं की आई आपल्याच माहेरासाठी सासर सोसते. ओळीत माहेर लेकीचं आहे; आईचं सासर तेच लेकीचं माहेर. हा अनुभवाचा फरक नाही, ओळ नीट न वाचल्याचा आहे, आणि तसं स्पष्ट सांगावं.

वयाचं लेबल लावू नका

“तरुणांना बंडखोरी दिसते, म्हाताऱ्यांना माया” असं कोष्टक आधीच मनात असेल तर तुम्ही कागद वाचतच नाही. लहानपणीच आई गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं लक्ष ‘माय’ शब्दावर थांबलं. तिने लिहिलं, “माय नांदली नाही तर लेकीला माहेर कुठलं?” शिक्षणासाठी विसाव्या वर्षी गाव सोडलेल्या साठीच्या गृहस्थांनी सासर-माहेर बाजूलाच ठेवलं, त्यांना दिसलं ते परत जाता येईल असं घर दुसऱ्यासाठी राखून ठेवणारं माणूस. कोष्टकात दोघंही बसत नाहीत. म्हणून कागदावर वयाबरोबर एक ओळ आणखी मागा: घर कधी सोडलं, आणि परत जायला कोण आहे?

शेवटचा कागद सहा महिन्यांनी भरून घ्या. तीच कविता, तीच माणसं, जुना कागद न दाखवता. गेल्या वर्षी मधल्या काळात एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आधी तिने ‘सासरी’ हा शब्द अधोरेखित केला होता, या वेळी ‘लेकीच्या’.